डेटा अ‍ॅनालिस्ट, सायंटिस्ट की इंजिनिअर? जाहिरातीवरून कसं ओळखायचं आणि फ्रेशरने अर्ज कुठे करायचा?

सायली_मिरज | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी यंदा स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले. मूळची मिरजेची, सध्या पुण्यात मावशीकडे राहून नोकरी शोधतेय. महिनाभर रोज जाहिराती वाचतेय आणि गोंधळ वाढतच चाललाय. आज सेव्ह केलेल्या तीन जाहिराती थोडक्यात मराठीत लिहिते.

पहिली, डेटा अ‍ॅनालिस्ट: रोजचा एमआयएस काढणे, डॅशबोर्ड सांभाळणे, विक्री विभागाच्या प्रश्नांना आकड्यांनिशी उत्तर देणे. एसक्यूएल, एक्सेल, पॉवर बीआय, पायथन असल्यास उत्तम. अनुभव ० ते २ वर्षं.

दुसरी, डेटा सायंटिस्ट: व्यवसाय प्रमुखांसाठी डॅशबोर्ड बनवणे, अ‍ॅड-हॉक विश्लेषण, साप्ताहिक आढावा सादर करणे. एसक्यूएल, पायथन, मशीन लर्निंगची माहिती. अनुभव १ वर्ष.

तिसरी, डेटा इंजिनिअर: पाइपलाइन बांधणे आणि चालू ठेवणे, वेगवेगळ्या सिस्टिममधून डेटा आणणे, आळीपाळीने ऑन-कॉल. एसक्यूएल, पायथन, स्पार्क, एअरफ्लो. अनुभव ० ते १ वर्ष.

एसक्यूएल आणि पायथन तिन्हीकडे आहे. पहिल्या दोन तर मला एकच वाटतात. मला एसक्यूएल जॉइनपर्यंत येतं, कॉलेजात आर शिकवलं होतं, पायथन घरी शिकले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या भावावर होता. या तिघांतला फरक जाहिरात वाचून कळतो का? आणि माझ्यासारखीने सुरुवात कुठून करावी?

---

कोडकट्टा | रात्री ९:५८

सोपं आहे. टूल्सची यादी बघायची. एक्सेल आणि पॉवर बीआय असेल तर अ‍ॅनालिस्ट, पायथन आणि मशीन लर्निंग असेल तर सायंटिस्ट, स्पार्क किंवा क्लाउड असेल तर इंजिनिअर. मी असंच बघतो.

---

नाना_वाई | रात्री १०:१०

आमच्या पुतणीने एमएस-सीआयटी करून दोन वर्षं डेटाचं काम केलं. साताऱ्यात एका दवाखान्यात पेशंटची माहिती भरायची. टायपिंगचा वेग चांगला असेल तर लगेच घेतात. मराठी टायपिंगही शिकून घे बेटा, सरकारी कामात उपयोगी पडतं.

---

सायली_मिरज | रात्री १०:१६

नाना, ते डेटा एंट्रीचं काम झालं. इथे भरलेल्या माहितीवर पुढे जे काम होतं त्याबद्दल विचारतेय. पण मराठी टायपिंग येतं मला. :)

---

आकडेमोड | रात्री १०:४५

@कोडकट्टा, यादीवरून अंदाज येतो, पण तीच यादी सगळ्यात जास्त फसवते. ती बरेचदा एचआरने मागच्या जाहिरातीतून उचललेली असते. मी नऊ वर्षं या कामात आहे, चार वर्षांपासून माणसं निवडायला बसतो. आमच्याकडे तिन्ही पदांची माणसं रोज एसक्यूएल लिहितात, त्यामुळे 'एसक्यूएल हवं' या वाक्यातून काहीच कळत नाही.

सायली, तू यादी झाकून ठेव आणि फक्त कामाची वाक्यं वाच. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार: हे काम संपलं की हातात काय उरतं आणि ते कोण वापरतं? शेवटी एखाद्या माणसाला उत्तर मिळत असेल आणि तो त्यावरून काही ठरवत असेल, तर ते अ‍ॅनालिस्टचं काम. दुसऱ्यांना वापरायला भरवशाचं टेबल तयार होत असेल, तर इंजिनिअरचं. एखादा अंदाज किंवा निर्णय रोज आपोआप निघू लागत असेल, तर सायंटिस्टचं.

या चाळणीतून तुझ्या जाहिराती काढ. पहिलीत विक्री विभागाला उत्तर मिळतं. दुसरीत व्यवसाय प्रमुखांना डॅशबोर्ड आणि आढावा मिळतो, म्हणजे पुन्हा माणसाला उत्तर. तुला दोन्ही एकच वाटल्या कारण त्या एकच आहेत, पाटी तेवढी वेगळी. तिसरीत शेवटी चालू पाइपलाइन उरते, ती खरोखरच इंजिनिअरची आहे.

---

मोगरा_२२ | रात्री ११:०५

@आकडेमोड +१. दुसऱ्या जाहिरातीसारख्याच एका जागी मी 'डेटा सायंटिस्ट' म्हणून लागले होते. कंपनीचं नाव घेत नाही. दीड वर्षात एकही मॉडेल बनवलं नाही. दर सोमवारी सकाळी नऊच्या आत बावीस स्लाइड्सचा रिपोर्ट, बाकीचे दिवस त्यातल्या आकड्यांवरचे प्रश्न. काम वाईट नव्हतं. मला त्रास झाला तो पुढच्या इंटरव्ह्यूत. रेझ्युमेवर सायंटिस्ट वाचून त्यांनी विचारलं, तुमचं मॉडेल लाइव्ह गेल्यावर बिघडलंय हे तुम्हाला कसं कळायचं? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तीन ठिकाणी असंच झालं. चौथीकडे मी स्वतःच अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला आणि तिथे तो सोमवारचा रिपोर्टच कामी आला.

---

डब्लिनकर | रात्री ११:३०

पाट्या बदलण्याचा प्रकार मोठ्या कंपन्यांनीही उघडपणे केलाय. २०१८ मध्ये लिफ्ट या अमेरिकन टॅक्सी कंपनीने आपल्या डेटा अ‍ॅनालिस्टांना डेटा सायंटिस्ट हे नाव दिलं आणि आधीच्या डेटा सायंटिस्टांना रिसर्च सायंटिस्ट. कामं तीच राहिली. कारण सरळ होतं. बाकीच्या कंपन्या तेच काम सायंटिस्ट नावाने देत होत्या, मग अ‍ॅनालिस्ट नावाच्या जागेला कोण येणार? हे पदनाम मुळात २००८ च्या सुमारास लिंक्डइन आणि फेसबुकमध्ये रुळलं. तेव्हापासून त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळाच राहिलाय.

---

जुना_सांख्यिक | बुधवार, सकाळी ७:१५

मी अर्थ व सांख्यिकी संचालनालयातून निवृत्त झालो. आमच्या वेळी यातलं एकही नाव नव्हतं, पण तिन्ही कामं होती. गावोगावच्या तक्त्यांत एकच माहिती एकाच पद्धतीने भरून येतेय ना, हे बघणारे वेगळे. त्यातून तक्ते काढून वरच्या साहेबांना 'हा आकडा का घटला' ते सांगणारे वेगळे. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणारे अगदी मोजके.

तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली. आकडा अचानक बदलला की आधी तक्ता बदललाय का ते पाहायचं. मोजण्याची पद्धत, रकान्याची व्याख्या, तालुक्याची हद्द. परिस्थिती बदललीय का, हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्याकडेही असंच होतं का, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

आकडेमोड | सकाळी ९:०२

काका, अगदी असंच होतं. एक प्रसंग सांगतो, सायलीलाही तिन्ही कामं एकाच ठिकाणी दिसतील.

सकाळी घरपोच दूध देणाऱ्या एका अ‍ॅपच्या कंपनीत मी अ‍ॅनालिस्ट होतो. रविवारी रात्री बारा वाजता, म्हणजे सोमवार सुरू होताना, एक ऑफर सुरू झाली. मंगळवारी माझ्या रिपोर्टमध्ये सोमवारच्या ऑर्डरी १,१४० दिसल्या, रविवारच्यापेक्षा कमी. मार्केटिंगवाल्यांनी निष्कर्ष काढला की ऑफर पडली, बंद करू. मी लिहिलेली क्वेरी अशी होती:

```sql
SELECT DATE(order_time) AS divas, COUNT(*) AS orders
FROM orders
GROUP BY DATE(order_time);
```

क्वेरीत चूक नव्हती. पण मला रविवारचा आकडाही खटकत होता, तो नेहमीपेक्षा बराच जास्त होता. म्हणून दिवसाऐवजी तासाप्रमाणे मोजून पाहिलं. रोज रात्री दीडच्या सुमारास ऑर्डरींचा मोठा उंचवटा दिसला. रात्री दीड वाजता इतकी माणसं दूध मागवतील? तिथे उलगडा झाला. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली जात होती आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. रात्री दीडचा उंचवटा खरं तर सकाळी सातचा होता.

आता हिशोब बघ. ऑफर सुरू झाल्यावर सोमवारी मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत २३६ ऑर्डरी आल्या होत्या, त्या सगळ्या रविवारात मोजल्या गेल्या. मंगळवारी पहाटेच्या ६४ ऑर्डरी सोमवारात शिरल्या. म्हणजे सोमवारचा खरा आकडा १,१४० मधून ६४ वजा आणि २३६ अधिक, एकूण १,३१२. ऑफर चालली होती. मी क्वेरीत तारखेच्या दोन्ही ठिकाणी एवढाच बदल केला:

```sql
DATE(order_time + INTERVAL '5 hours 30 minutes')
```

आकडा का पडला हे शोधून 'ऑफर बंद करू नका' असं सांगणं, हे अ‍ॅनालिस्टचं काम. पण हा बदल फक्त माझ्या रिपोर्टमध्ये झाला. तेच टेबल आणखी पाच जण वापरत होते आणि त्यांचे आकडे चुकीचेच राहिले. टेबलातच भारतीय तारखेचा वेगळा रकाना आणून सगळ्यांचं कायमचं दुरुस्त केलं आमच्या डेटा इंजिनिअरने.

---

रात्रपाळी | सकाळी १०:२०

आणि तो रकाना आणताना त्या इंजिनिअरला काय करावं लागलं असेल ते मी सांगते, कारण मी तेच काम करते. नवा रकाना पुढच्या ऑर्डरींना सहज लागतो. मागच्या दोन वर्षांच्या ऑर्डरींना लावायचा तर जुने दिवस एकेक करून पुन्हा भरावे लागतात. भरताना मध्येच जॉब, म्हणजे ते भरणारा प्रोग्रॅम, फेल होतो. आपण तो पुन्हा चालवतो. अर्धा दिवस आधीच भरलेला असतो, त्यात पूर्ण दिवस पुन्हा भरला की त्या अर्ध्या ऑर्डरी दोनदा येतात. कुठेही लाल रंगाची एरर दिसत नाही, फक्त विक्री वाढलेली दिसते. सगळे खूश होतात, हीच खरी भीती.

म्हणून आम्ही भरण्याआधी त्या दिवसाच्या सगळ्या ओळी काढतो आणि मग भरतो. काढणं आणि भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही:

```sql
BEGIN;
DELETE FROM orders_daily WHERE divas = '2024-03-04';
INSERT INTO orders_daily
SELECT * FROM orders_stage WHERE divas = '2024-03-04';
COMMIT;
```

मग जॉब एकदा चालवा की दहादा, उत्तर तेच येतं. माझा दिवस बराचसा अशाच विचारांत जातो: हे अर्ध्यात तुटलं तर काय होईल, फाइल उशिरा आली तर, समोरच्या टीमने न सांगता रकान्याचं नाव बदललं तर? हे वाचताना सायलीला मजा वाटत असेल तर तिसरी जाहिरात तिची. कंटाळा आला असेल तर नाही.

---

कृष्णाकाठ | सकाळी ११:४०

चौथ्या प्रकारची जाहिरात राहिली. काल मला एक आली: पाइपलाइन बांधा, डॅशबोर्ड करा, डीप लर्निंगची मॉडेलं बनवा, क्लायंटसमोर सादर करा, अनुभव ० ते १ वर्ष. हे म्हणजे ऊसही तुम्हीच लावा, गुऱ्हाळही चालवा आणि गूळ घेऊन यार्डातही तुम्हीच बसा!

---

आकडेमोड | दुपारी १२:०५

@कृष्णाकाठ, हाहा. पण अशा जाहिरातीतूनही माहिती मिळते. बहुतेक वेळा त्या कंपनीत डेटाचं काम करणारा तो पहिलाच माणूस असणार असतो. अशा जागी सुरुवातीचा मोठा काळ चार ठिकाणच्या फायली एकत्र करण्यातच जातो. अनुभवी माणसाला ती जागा आवडूही शकते. फ्रेशरसाठी नको म्हणतो, कारण चुकलं ते दाखवायलाच कोणी नसतं. यूटीसीची गोष्ट मला ज्या दिवशी कळली, त्या दिवशी शेजारी बसलेल्या सीनियरने 'तासाप्रमाणे मोजून बघ' म्हटलं होतं.

---

डब्लिनकर | दुपारी २:३०

दुधाचंच उदाहरण पुढे नेतो, सायंटिस्टची बाजू राहिलीय. समजा कंपनीला हवंय की उद्या कुठल्या भागात किती पिशव्या पाठवायच्या हा आकडा रोज रात्री आपोआप निघावा. हे सायंटिस्टचं काम. मॉडेल कुठलं वापरायचं हा यातला सोपा भाग.

पहिली अडचण ही की तुमच्याकडे विक्री नोंदलेली असते, मागणी नाही. एखाद्या भागात २०० पिशव्या गेल्या आणि साडेसहालाच संपल्या, तर डेटा म्हणतो २००. नंतर रिकाम्या हाताने अ‍ॅप बंद करणारे त्यात नाहीत. त्यावर मॉडेल शिकवलं तर ते उद्याही २०० च सांगणार आणि दूध उद्याही संपणार. मॉडेल दरवेळी बरोबर ठरल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईक जातं. म्हणून दूध कधी संपलं ती वेळ आधी मिळवावी लागते. ती कोणी नोंदवतच नसेल तर इंजिनिअरकडे जावं लागतं.

दुसरी अडचण कोजागरीची. त्या दिवशी दूध भरपूर जातं, पण इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. 'मागच्या वर्षी याच तारखेला' असा विचार करणारं मॉडेल दोन वेळा चुकतं: कोजागरीला कमी पाठवतं आणि भलत्याच दिवशी जास्त.

म्हणून जाहिरातीत 'अंदाजाची अचूकता', 'प्रयोगांची रचना', 'मॉडेल प्रॉडक्शनमध्ये नेणे आणि त्यावर लक्ष ठेवणे' अशी वाक्यं असतील तर ते खरं सायंटिस्टचं काम. अशा जागांवर फ्रेशर कमी घेतात, आणि घेतले तर बरेचदा एमएस्सी किंवा त्यापुढचे. सायली, तुझं स्टॅटिस्टिक्स इथे नक्की कामाला येईल, पण बहुधा पहिल्या नोकरीत नाही.

---

पिंपळपान | दुपारी ३:१५

सगळे प्रॉडक्ट कंपन्यांबद्दल बोलताहेत. पुण्यात किती फ्रेशर तिथे लागतात? बहुतेक जण मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत जातात आणि तिथे ऑफर लेटरवर यातलं एकही नाव नसतं. 'ट्रेनी' किंवा 'असोसिएट' लिहिलेलं असतं. ट्रेनिंगनंतर जो प्रोजेक्ट मिळेल तेच तुमचं पद. माझा भाऊ असाच एका परदेशी बँकेच्या सपोर्ट प्रोजेक्टवर गेला. रात्री जॉब फेल झाला की तिकीट उचलायचं. तीन वर्षांनी बाहेर पडला तो डेटा इंजिनिअर म्हणून. जाहिरातीत हे कुठे वाचणार?

---

रात्रपाळी | दुपारी ३:४०

@पिंपळपान, मुद्दा बरोबर आहे. मीही अशाच सपोर्ट प्रोजेक्टवरून आले. इथे पदाऐवजी प्रोजेक्टबद्दल विचारायचं, आणि जॉइन झाल्यावरही विचारत राहायचं. एक सावधगिरी मात्र हवी. सपोर्टमध्ये नुसतं 'फेल झालं, पुन्हा चालवलं, तिकीट बंद' एवढंच करत राहिलात तर तीन वर्षांनीही तिथेच असता. का फेल झालं ते प्रत्येक वेळी शोधून लिहून ठेवलं, त्यामुळे मी बाहेर पडू शकले.

आणि 'अ‍ॅनालिस्ट म्हणजे पहिली पायरी, इंजिनिअर पुढची' असं मानू नका. ज्याला प्रोग्रॅमिंग येतं, लिनक्सची सवय आहे, त्याने थेट इंजिनिअरचा अर्ज करावा. आमच्या टीमला गेल्या वर्षी दोन फ्रेशर आले, दोघेही आधी अ‍ॅनालिस्ट नव्हते.

---

कोडकट्टा | दुपारी ४:०५

ठीक, यादीचा मुद्दा मी मागे घेतो, निदान एसक्यूएल आणि पायथनपुरता. पण स्पार्क आणि एअरफ्लो दोन्ही लिहिलं असेल तर इंजिनिअर, हे तर खरं ना?

---

रात्रपाळी | दुपारी ४:१८

बरेचदा खरं. पण आमच्याकडे सायंटिस्टही स्पार्क वापरतात, डेटाच तेवढा मोठा आहे. 'ऑन-कॉल' हा शब्द मला जास्त पक्की खूण वाटतो. रिपोर्ट सहसा सकाळपर्यंत थांबू शकतो, तुटलेली पाइपलाइन थांबत नाही. फ्रेशरने एवढं विचारावं: ऑन-कॉल किती आठवड्यांनी येतो आणि पहिले काही महिने सोबत सीनियर असतो का? 'एकट्यालाच बघावं लागेल' असं उत्तर आलं तर मी ती जागा घेणार नाही.

---

सायली_मिरज | रात्री ८:३०

सगळ्यांचे खूप आभार. सेव्ह केलेल्या एकूण एकोणीस जाहिराती आज 'शेवटी काय उरतं' या प्रश्नाने पुन्हा वाचल्या. सायंटिस्ट नावाच्या सात होत्या, त्यातल्या पाचांत शेवटी रिपोर्ट किंवा डॅशबोर्डच उरतो. दोघांत अंदाजाचं काम आहे आणि त्या दोघांनाही तीन वर्षांचा अनुभव हवाय.

पण मला नक्की काय आवडतं हे कसं कळेल? रात्रपाळी ताईंचं वाचून कंटाळा आला नाही, आकडेमोड दादांचं वाचूनही मजा आली. डब्लिनकर, माझ्या प्रोजेक्टमध्ये हळदीच्या उद्याच्या भावाचा अंदाज होता आणि अंदाज खऱ्या भावाशी किती जुळतो ते सांगणारा आर-स्क्वेअर ०.९६ आला होता. सरांनी कौतुक केलं होतं. हे सायंटिस्टच्या कामात धरलं जाईल का?

---

डब्लिनकर | रात्री ९:१०

प्रोजेक्टची कल्पना चांगलीच आहे. एक तपासणी करून बघ. तुझं मॉडेल बाजूला ठेव आणि 'उद्याचा भाव म्हणजे आजचाच भाव' एवढाच अंदाज धर. त्याचाही आर-स्क्वेअर काढ. तोही बहुधा ०.९ च्या वरच येईल, कारण भाव एका दिवसात फारसा हलत नाही. मग दोन्ही अंदाज सरासरी किती रुपयांनी चुकतात ते शेजारी ठेव. तुझं मॉडेल या साध्या अंदाजापेक्षा कमी चुकत असेल तर त्याला अर्थ आहे. चुकत नसेल तर तेही इंटरव्ह्यूत सांग. मी मुलाखत घेत असतो तर ०.९६ ऐकण्यापेक्षा हे ऐकून तुला पुढच्या फेरीत बोलावलं असतं.

---

आकडेमोड | रात्री ९:३५

यातूनच आवडही कळेल. हळदीचा एकच डेटा घे आणि तीन रविवार काढ. बाजारभाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर रोज येतात.

पहिल्या रविवारी रोजचा भाव आणून टेबलात भरणारी छोटी स्क्रिप्ट लिही आणि मुद्दाम दोनदा चालव. ओळी दुप्पट झाल्या का? बाजार बंद होता त्या दिवशी काय भरलं गेलं, शून्य की काहीच नाही? शून्य भरलं गेलं असेल तर सरासरी बिघडते. दुसऱ्या रविवारी एकच प्रश्न घे, उदाहरणार्थ आवक वाढली की त्या आठवड्यात भाव खरंच पडतो का, आणि उत्तर एका पानात लिही. तुझ्या मावशीला वाचून कळलं पाहिजे. तिसरा रविवार डब्लिनकरांच्या तपासणीला. ज्या रविवारी जेवायची आठवण राहणार नाही, त्या नावाच्या जाहिराती आधी बघ.

---

जुना_सांख्यिक | गुरुवार, सकाळी ७:३०

हळदीबाबत एक सूचना. भाव पाहताना जात आणि प्रत बघा. राजापुरी हळदीचा भाव एका दिवशी आणि दुसऱ्या जातीचा दुसऱ्या दिवशी एकाच रकान्यात आला, तर भाव हलल्यासारखा दिसेल. बाजार मात्र जागच्या जागी असेल.

---

मोगरा_२२ | सकाळी ११:००

आणि दुसऱ्या जाहिरातीवाल्यांना फोन करच, सायली. मी जे विचारलं नव्हतं ते तू विचार: आत्ता टेबलं कोण भरतं? या जागेवरच्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत काय करून दाखवायचंय? एचआरला माहीत नसेल तर मॅनेजरशी पाच मिनिटं बोलायला माग.

---

नाना_वाई | दुपारी १:२०

आता मला थोडं थोडं कळायला लागलं. पुतणी भरायची तो पहिला टप्पा आणि हे सगळं त्याच्या पुढचं. ती सांगायची, वय माहीत नसलं की ती शून्य टाकायची.

---

रात्रपाळी | दुपारी १:३२

नाना, त्या शून्यांमुळे दवाखान्यातल्या रुग्णांचं सरासरी वय कुठच्या कुठे गेलं असेल! तिला विचारा, वयाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता का? बहुतेक तो भरणं सक्तीचं ठेवलं असणार. मग चूक तिची नाही, तो फॉर्म बनवणाऱ्याची.

---

सायली_मिरज | शनिवार, सायंकाळी ६:१०

अपडेट. दुसऱ्या जाहिरातीच्या मॅनेजरशी बोलणं झालं, छान बोलले. टेबलं त्यांची सॉफ्टवेअर टीम भरते, वेगळा डेटा इंजिनिअर नाही. पहिल्या तीन महिन्यांत परत येणाऱ्या मालाचा साप्ताहिक रिपोर्ट उभा करायचाय. मी सरळ विचारलं, मग पदाचं नाव सायंटिस्ट का? ते म्हणाले, पुढे मॉडेल बनवायचा विचार आहे. कधी, ते ठरलेलं नाही. टीममध्ये सहा वर्षं अनुभवाची एक सीनियर आहे, हे मला सगळ्यात आवडलं.

हळदीचंही केलं. स्क्रिप्ट दोनदा चालवली, ओळी दुप्पट झाल्या, मग ताईंच्या पद्धतीने दुरुस्त केली. 'आजचाच भाव उद्या' या अंदाजाचा आर-स्क्वेअर ०.९५ आला. दोन्ही अंदाज सरासरी जवळपास सारख्याच रुपयांनी चुकतात, माझं मॉडेल अगदी किंचित बरं. थोडं वाईट वाटलं, पण ते कागदावर लिहून ठेवलं. काकांचं बरोबर निघालं, माझ्या डेटात मध्ये एक आठवडा जात बदललेली होती.

पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही जागांचे इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहेत. काम तेच असेल तर रेझ्युमेवर कुठलं नाव बरं, अ‍ॅनालिस्ट की सायंटिस्ट? पगार जवळपास सारखाच आहे.

---

मोगरा_२२ | सायंकाळी ६:३०

अ‍ॅनालिस्ट. माझा अनुभव वर लिहिलाच आहे.

---

डब्लिनकर | सायंकाळी ७:०५

मी इथे मोगराशी सहमत नाही. बऱ्याच ठिकाणी पोर्टलवर नावानेच पहिली चाळणी लागते, सायंटिस्ट नाव असलं तर निदान फोन येतो. नावाखाली खरं काम स्पष्ट लिहिलं की फसवणूक होत नाही.

---

आकडेमोड | सायंकाळी ७:४०

मी नावापेक्षा ती सहा वर्षांची सीनियर कुठे आहे ते बघेन. पहिल्या कंपनीत असं कोणी आहे का, ते विचारलंस?

---

सायली_मिरज | सायंकाळी ७:४४

नाही विचारलं. सोमवारी सकाळी फोन करते.